मायनॉरिटी अटॅक: b4 च्या घाईत होणाऱ्या चुका

रविवारी सकाळी धरमपेठेत आमच्या वर्गात दहा-बारा मुलं बसतात. बाहेर तर्री-पोह्याचा वास, आत कूलरचा आवाज. त्यात एका पोराने पटावर b4 खेळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, दोन प्यादी घेऊन तिघांवर चाल करायची म्हणता, आणि माझं तर पहिलंच प्यादं गेलं. काहून?" त्याच्या त्या डावावरूनच हा लेख लिहितोय, कारण हीच चूक मी स्वतः कितीतरी वर्षं केली.

मायनॉरिटी अटॅकची कल्पना थोडक्यात सांगतो. क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्डच्या एक्स्चेंज प्रकारात पांढऱ्याचं c प्यादं पटावरून जातं आणि काळ्याचं e प्यादं d5 वर येतं. मग वजिराच्या बाजूला पांढऱ्याकडे a आणि b अशी दोनच प्यादी उरतात, काळ्याकडे a, b, c अशी तीन. पांढरा b प्यादं b5 पर्यंत नेतो आणि c6 वर आदळवतो. काळ्याने b7 वरून परत मारलं की c6 एकटं मागे राहतं आणि c फाइलवर कायमचं लक्ष्य होतं. काळ्याने b5 वर cxb5 मारलं, तर d5 एकटं पडतं आणि b7 ही कमजोर होतं. म्हणजे काळ्याने काहीही केलं तरी एक जखम राहतेच.

पोराचा डाव असा होता:

```
1.d4 d5 2.c4 e6 3.Nc3 Nf6 4.cxd5 exd5 5.Bg5 Be7
6.e3 c6 7.Qc2 Nbd7 8.Bd3 O-O 9.Nf3 Re8 10.O-O Nf8
11.Rab1 a5 12.b4?
```

अकराव्या चालीपर्यंत सगळं नमुनेदार. हत्ती b1 वर आलाच पाहिजे, कारण b4 ला आधार लागतो. पण काळ्याने a5 खेळल्यावर हिशेब बदलला, आणि पोराने तो पुन्हा केलाच नाही. आता b4 वर काळा axb4 मारतो. हत्तीने परत घ्यावं, तर e7 वरचा उंट d6, c5 ओलांडून थेट b4 वर पोचतो आणि हत्ती उंटाच्या बदल्यात जातो. "पण सर, आधी Bxf6 मारलं तर?" हा त्याचा प्रश्न चांगला होता. उंट f6 वर परत घ्यायला गेला की b4 वरची त्याची नजर तुटते, मग हत्तीने प्यादं घेता येतं आणि साहित्य सारखं राहतं. डाव हरलेला नाही. पण आपलं b प्यादं काळ्याच्या a प्याद्याच्या बदल्यात गेलं, उघड्या a फाइलवर आपलं a2 एकटं उरलं, आणि हल्ला करायला आता प्यादंच नाही. b7 वर थोडा दाब उरतो, तेवढाच. औषध साधं आहे: a5 दिसलं की 12.a3, मग b4, मग axb4 axb4. अशा वेळी a फाइल उघडते आणि काळ्याच्या a8 वरच्या हत्तीला ती फुकट मिळते. ती किंमत मान्य करूनच पुढे जायचं.

दुसरी चूक माझी स्वतःची, आणि ती महाग पडली. उन्हाळ्यातली एक खुली स्पर्धा. b5 नीट झालं, c6 वर देवाणघेवाण झाली, मी खुशीत होतो. c5 वर घोडा बसवायची इतकी घाई, की c3 वरचा घोडा a4 मार्गे नेण्याऐवजी f3 वरचा घोडा d2 वरून b3 ला नेला. तोवर समोरच्याने g5 वरच्या उंटाला h6 खेळून विचारलं होतं आणि मी तो f6 वर घोड्यासाठी दिला होता. त्याचा उंट f6 वरून d8, तिथून c7 ला गेला. मी बघत होतो, पण "हा मागे काय जातोय" एवढंच मनात आलं. मग त्याने वजीर d6 वर आणला. आता c7 चा उंट आणि d6 चा वजीर एकाच तिरक्या रेषेत, h2 कडे रोखलेले, आणि माझ्या राजाशेजारी घोडा नाही. f1 वरचा हत्ती तसाच, म्हणजे h2 वर थेट मात. मला g3 खेळावं लागलं. लगेच त्याने h प्यादं पुढे ढकललं, c8 चा उंट h3 वर आला, आणि माझ्या c6 च्या विजयाला कुणी विचारत नव्हतं.

त्या दिवसापासून नियम ठेवलाय: काळ्याच्या काळ्या घरांवर चालणाऱ्या उंटाची किंवा वजिराची अदलाबदल होईपर्यंत f3 वरचा घोडा घरीच. c5 साठी c3 चा घोडा a4 वरून नेता येतो, तो राजाची राखण करत नव्हताच.

तिसरी चूक जरा सूक्ष्म आहे. हल्ला यशस्वी झाला, c6 एकटं पडलं, आणि मग काय, हे कुणाला ठाऊक नसतं. घोडा c5 वर बसवतात आणि वाट बघतात. घोडा तिथे सुंदर दिसतो, c6 ला पुढे सरकू देत नाही, हे खरं. पण तोच घोडा आपल्या c फाइलवर आडवा उभा असतो! c1 वरच्या हत्तीला c6 दिसतच नाही. घोड्याने c5 हे घर काही काळ धरायचं, आणि मोका मिळाला की सरकायचं. c6 वर नेम धरता येतो तो e5 किंवा a5 वरून. f3 चा घोडा e5 वर येतो, तो म्हणूनही घरी ठेवलेला बरा. आणि दरम्यान b फाइल उघडी असते, तिथला हत्ती b6 किंवा b7 मध्ये शिरू शकतो का, हे आधी बघा.

याच टप्प्यावर पोरं एक-एक मोहरा बदलत सुटतात, "कमजोरी आहे ना, एंडगेममध्ये जिंकू." फक्त एकेक हत्ती उरला की काळ्याचा राजा e7 वरून d6 ला चालत येतो, c6 आणि d5 दोन्ही सांभाळतो, आणि बहुतेक वेळा बरोबरी होते. एका कमजोरीवर डाव जिंकणं अवघड असतं, दुसरी राजाच्या बाजूला तयार करावी लागते. बदलायचे असतील तर c6 ची राखण करणारे मोहरे बदला, जसा d7 वरचा उंट. १९४८ च्या जगज्जेतेपदाच्या स्पर्धेत स्मिस्लोव्हने केरेसला याच रचनेत हरवलं, तो डाव c6 वरच्या दाबासाठी चालीचाली लावून बघा.

आणि सगळ्यात आधी बघायचं ते काळ्याचा घोडा कुठे आहे. तो अजून d7 वरच असेल, तर b4 वर काळा स्वतः b5 खेळू शकतो आणि घोडा b6 मार्गे c4 वर आणू शकतो. तिथे बसला की c फाइल बंद, आणि c6 उघडं असूनही सुरक्षित. f8 वरच्या घोड्याला मात्र तिथे पोचायला बराच फेरा पडतो. तसंच काळ्याने पांढऱ्या घरांवरचे उंट बदलून घोडा d6 वर बसवला, तर तोच घोडा b5, c4, e4 तिन्ही घरं धरतो, आणि b5 ढकलायच्या आधी आपल्याला तिथे दोनदा मोजावं लागतं.

पोराने डाव परत लावला, यावेळी a3 खेळला, आणि b4 वर हात नेऊन थांबला. "सर, e7 चा उंट अजून तिथेच आहे ना?" मी म्हटलं, "आहे. पण आता b4 च्या पाठीशी a प्यादंही आहे." मग खेळला.