चेहरा बदलताना बोटांवर ओठ उगवतात? ट्रेनिंगच्या फोटोंवर हात, रुमाल आणि केस असे चिकटवा

जळगाव-धुळ्याकडच्या शूटिंगमध्ये मोकळा चेहरा फार वेळ मिळतच नाही. मे महिन्यात अर्ध्या गावाने तोंडाला रुमाल बांधलेला असतो. म्हातारीच्या कपाळावर पदर असतो. जेवणाचा प्रसंग असला की कळण्याच्या भाकरीचा घास घेऊन हात सारखा तोंडासमोर येतो. नुसत्या मोकळ्या चेहऱ्यांवर शिकलेलं फेस-स्वॅप मॉडेल इथे हमखास फसतं: नवा चेहरा हातावरूनच रंगवला जातो आणि बोटांवर ओठ उमटतात.

उदाहरणासाठी एका अहिराणी लघुपटातला असाच जेवणाचा शॉट घेऊ. डबलने भरीत-भाकरी खाल्ली आहे, त्याच्यावर मुख्य नटाचा चेहरा बसवायचा आहे. दोघांची लेखी संमती आहे, चेहरे कापून सरळ करून ठेवले आहेत आणि मोकळ्या चेहऱ्यांवर मॉडेल नीट चालतंय, हे मी धरून चालते.

या कामात दोन नेटवर्क असतात. एक नवा चेहरा काढतं. दुसरं मास्क काढतं, म्हणजे चेहऱ्याचा भाग पांढरा आणि बाकी सगळं काळं असं चित्र. नवा चेहरा फक्त पांढऱ्या भागात बसतो आणि हात मूळ फ्रेममधलाच राहतो. म्हणून आधी मास्कवाल्याला शिकवायचं.

झाकणाऱ्या वस्तू स्वतः शूट करा. हिरव्या कापडासमोर पाच-सहा जणांचे हात घ्या: घास घेताना, घाम पुसताना, गालावर टेकलेले. प्रत्येक हात कोपरापर्यंत घ्या. रुमाल, गमछा, पदर आणि दवाखान्यातली तोंडपट्टीही घ्या. केसांच्या बटा वेगळ्या शूट करा. '11k Hands' या संचात 190 माणसांच्या हातांचे 11,076 फोटो आहेत, पण ते पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवलेले सरळ हात आहेत. घास धरलेली मूठ त्यात मिळत नाही.

आता चिकटवणं. मी सगळ्यात जास्त अडकले ती जागा हीच, आणि सगळ्यात वाईट सल्लेही इथेच मिळतात. 'चेहऱ्यावर काळे चौकोन टाका, पुरे' हा त्यातला पहिला. सपाट काळा चौकोन ओळखायला नेटवर्कला काहीच शिकावं लागत नाही. आपली अडचण उलटी आहे: हात आणि गाल दोन्ही कातडीच, रंगही जवळजवळ सारखा.

नुसतं चिकटवणं असं असतं. `face` म्हणजे चेहऱ्याचा फोटो, `face_m` त्याचा मास्क, `occ` म्हणजे हात आणि `occ_a` हाताचा अल्फा, म्हणजे तो कुठे किती झाकतो ते:

```python
a = occ_a[..., None]            # 0 ते 1
img = face * (1 - a) + occ * a
label = face_m * (occ_a < 0.5)
```

हात फिरवला, वाकवला किंवा लहान-मोठा केला, तर `occ` आणि `occ_a` दोन्हींवर तंतोतंत तीच क्रिया करा. इथे दोन पिक्सेलचा फरक राहिला, तर प्रत्येक बोटाला कातडीची किनार राहते आणि मॉडेल ती किनारही शिकतं.

खरा धोका मात्र शिवणीचा आहे. चिकटवलेल्या हाताच्या कडेला एक अनैसर्गिक रेघ असते. हाताचा फोटो जास्त रेखीव असतो, त्यातला नॉइज वेगळा असतो, प्रकाश वेगळ्या बाजूचा असतो. नेटवर्क सगळ्यात सोपा मार्ग पकडतं: हात ओळखायला शिकण्याऐवजी ही रेघ ओळखायला शिकतं. मग बनावट फोटोंवर आकडे सुंदर येतात आणि खऱ्या शॉटमध्ये, जिथे शिवण नसतेच, हात सरळ चेहऱ्यात मोजला जातो.

यावर मी चार गोष्टी करते आणि त्यातली एकही सोडत नाही.

पहिली म्हणजे रंग. लॅब रंगपद्धतीत हाताची सरासरी आणि पसारा त्या चेहऱ्याशी जुळवून घ्यायचा, पण साधारण अर्ध्याच वेळा. उन्हात राबणाऱ्या माणसाचा हात चेहऱ्यापेक्षा काळवंडलेला असतो, तोही मॉडेलला दिसला पाहिजे.

दुसरी म्हणजे सावली. हाताचा अल्फा थोडा सरकवून, धूसर करून त्याखालचा चेहरा गडद करायचा. लेबलमध्ये मात्र ती सावली चेहराच राहते. हे केलं नाही, तर उन्हातल्या शॉटमध्ये हाताशेजारचा गालही मास्कमधून कापला जातो.

तिसरी म्हणजे क्रम. हलणारा हात कॅमेऱ्यात फरफटलेला दिसतो, म्हणून चिकटवण्याआधी हात आणि अल्फा एकाच दिशेने धूसर करायचे. चिकटवल्यानंतर नॉइज, जेपेग आणि लहान करून पुन्हा मोठं करणं हे सगळं पूर्ण चित्रावर एकदम लावायचं, म्हणजे शिवण त्यात विरते. हात फ्रेमच्या कडेवरूनच आत आला पाहिजे. मनगटाशी कापलेला हात गालावर तरंगताना दिसला, तर मॉडेल तो काप शिकतं. कोपरापर्यंत शूट करायला सांगितलं ते यासाठी.

चौथी गोष्ट फार कमी लोक करतात, पण सगळ्यात जास्त उपयोग हिचाच. हाताच्या आकाराचा तुकडा कापायचा, पण तो दुसऱ्या चेहऱ्याच्या गालाचा किंवा कपाळाचा. तो त्याच पद्धतीने चिकटवायचा आणि लेबल बदलायचंच नाही: चेहरा तो चेहराच. आता रेघ दिसली म्हणजे हात, ही पळवाट बंद होते. दहातल्या एका फोटोला मी असा तुकडा लावते. हीच चाचणी म्हणूनही वापरा: तयार मॉडेलने असा तुकडा काळा केला, तर ते अजून शिवणच बघतंय.

निम्मे फोटो पूर्ण मोकळे ठेवा, नाहीतर मॉडेल धसका घेतल्यासारखं कोऱ्या कपाळालाही भोकं पाडतं.

केसांना हिरव्या कापडातून काढलेला मऊ अल्फाच हवा. कात्रीने कापल्यासारखी बट चालत नाही. तोंडपट्टी आणि रुमाल सोपे आहेत: नाकापासून हनुवटीपर्यंत बसवा, सुरकुत्या बदलत राहा, पुरे.

पुढे चेहरा काढणारं नेटवर्क. त्याला हात चिकटवलेलं चित्र द्या, पण उत्तर म्हणून मूळ मोकळा चेहरा ठेवा. हाताआडचं तोंड कसं असेल, ते त्याला काढता आलं पाहिजे. उत्तरातही हात ठेवला, तर ते चिखलासारखी बोटं काढायला शिकतं. ज्या फ्रेममध्ये खराच हात आहे, तिथे मोकळं उत्तर आपल्याकडे नसतं; तिथे तो भाग लॉसमधून मास्कने वगळा. एक अट पाळा: डोळे-नाक-ओठांचे बिंदू हात चिकटवण्याआधीच काढलेले असावेत, नंतर काढले तर चेहरे वाकडे कापले जातात.

तपासणी फक्त खऱ्या फ्रेमवर करा. जेवणाच्या शॉटमधल्या चाळीसेक फ्रेमचे मास्क हाताने रंगवा आणि ते ट्रेनिंगमध्ये अजिबात घालू नका. बनावट फोटोंवरचा स्कोअर वाढतोय आणि या फ्रेमवरचा जागेवरच आहे, तर ट्रेनिंग लांबवू नका, चिकटवण्याकडे परत जा. आकड्याबरोबर शॉट चालवूनही बघा. घास ओठाला टेकतो त्या क्षणी मास्कची कड थरथरते का, बोटांच्या फटीतून गाल दिसतो तिथे नवा चेहरा बसतो का, हे एकेका फ्रेमवर थांबून पाहा.

पातळ ओढणी आणि भाकरीवरची वाफ या पद्धतीने सुटत नाहीत, कारण तिथे पिक्सेल अर्धा चेहरा आणि अर्धा कापड असतो आणि हो-नाही असं लेबल त्याला पुरत नाही. दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं, तर चेहरा सरळ करणारा टप्पाच आधी चुकतो. असे शॉट मी हाताने मास्क करते, आणि जमलं तर दिग्दर्शकाला आधीच सांगून टाळते.