सोसायटीत ट्रेझर हंट : आठ वर्षांच्या मुलांसाठी

वाढदिवसाच्या ट्रेझर हंटचा विचका सहसा चिठ्ठ्यांमुळे होत नाही. तो होतो सगळ्या मुलांना एकाच मार्गावर सोडल्यामुळे. बाराजण एकदम पहिल्या जागेकडे धावतात, सगळ्यात चपळ पोरगं चिठ्ठी उचलतं आणि बाकीचे अकरा त्याच्या मागे पळतात. कोडं सोडवतो एकच, रडतात तिघं. "दहा भन्नाट चिठ्ठ्या लिहा" हा सल्ला म्हणूनच निरुपयोगी. सहा पुरे, पण त्यांची साखळी नीट बसली पाहिजे.

बारा मुलांचे चौघाचौघांचे तीन गट करा : लाल, निळा, हिरवा. प्रत्येक गटात एकतरी भराभर वाचणारं मूल आणि सोबत एक मोठं माणूस हवं. आता सहा जागा ठरवा. पार्किंग, लिफ्ट, जिने, गच्ची, पंपाची खोली आणि विजेचे मीटर सरळ वगळा. मागे गाडी घेणाऱ्याला एवढ्या उंचीचं मूल दिसत नाही, त्यामुळे पार्किंगबाबत तडजोड नकोच. समजा उरल्या या : १ बाक, २ घसरगुंडी, ३ पत्रपेट्या, ४ नोटीस बोर्ड, ५ वॉचमनची केबिन, ६ बागेतला नळ.

तिन्ही गट याच क्रमाने गोल फिरतात, फक्त सुरुवात वेगळी. लाल गट १ पासून निघतो आणि ६ वर संपवतो. निळा ३ पासून निघून २ वर, हिरवा ५ पासून निघून ४ वर. दोन गटांमध्ये दोन जागांचं अंतर राहतं, त्यामुळे कोणी कोणाच्या मागे पळू शकत नाही. प्रत्येक जागी तीन रंगांच्या तीन चिठ्ठ्या, म्हणजे अठरा, आणि सुरुवातीला हातात द्यायच्या तीन. एकूण एकवीस.

घोळ होतो तो इथे. बाकावर ठेवायच्या चिठ्ठीत बाकाचं वर्णन नसतं, घसरगुंडीचं असतं. रात्री उशिरा एकवीस चिठ्ठ्या लिहिताना हे हमखास उलटं होतं आणि मुलं बाकावर उभी राहून बाकाचंच कोडं वाचतात. उपाय साधा आहे : चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीने ती कुठे चिकटवायची ते लिहा. मुलांनी वाचलं तरी बिघडत नाही, ती तिथेच पोचलेली असतात. तीन चिठ्ठ्या मात्र वेगळ्या : ६ वरची लाल, २ वरची निळी आणि ४ वरची हिरवी. यांच्यावर पुढची जागा नसते, "खजिन्याकडे या" असतं. सगळं चिकटवून झालं की प्रत्येक रंग हातातल्या चिठ्ठीपासून शेवटापर्यंत स्वतः चालून बघा. नुसतं टेबलावर बसून तपासू नका.

कोडं दोन ओळींचं, मोठ्या अक्षरात. यमक जुळलं नाही तरी चालेल, पण उत्तर एकच निघालं पाहिजे. "वर चढायला पायऱ्या आहेत, उतरायला एकही नाही" म्हटलं की घसरगुंडीच. "माझ्या पोटात सगळ्यांची पत्रं, मी एकही वाचत नाही" हेही छान, पण सोसायटीत दोन इमारती असतील तर कुठल्या इमारतीच्या पेट्या ते लिहा, नाहीतर गट भलत्याच इमारतीत जाऊन पेट्या उचकटत बसेल. "झाडाखाली बघा" तर लिहूच नका. दर चिठ्ठी वेगळ्या मुलाने वाचायची, हा नियम आधीच सांगा. तीन मिनिटं अडले की सोबतच्या मोठ्याने इशारा द्यावा, उत्तर नाही.

चिठ्ठ्या मुलांच्या गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या उंचीत, चिकटपट्टीने, दिसतील अशा लावा. कुंडीत खुपसलीत तर रोपटंच उपटून येईल. खेळाच्या अर्धा तास आधीच लावा. सकाळी लावलेल्या झाडूबरोबर जातात किंवा सोसायटीतली इतर मुलं पळवतात. वॉचमन आणि सफाई करणाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा.

खजिन्याच्या पेटीला तीन आकडी नंबरचं कुलूप लावा. शेवटच्या चिठ्ठीवर प्रत्येक गटाला एकच आकडा द्या : लालला पहिला, निळ्याला मधला, हिरव्याला शेवटचा. पहिल्या आलेल्या गटाला बाकीच्यांची वाट बघावीच लागते, त्यामुळे "आम्ही आधी" हे भांडण होत नाही. उलट मागे राहिलेल्यांना हाका मारायला हेच धावतात. फक्त पेटी एखाद्या मोठ्या माणसाच्या मांडीवर असू द्या. दोन आकडे कळले की तिसऱ्यासाठी फक्त दहा वेळा फिरवून बघायचं असतं, आणि आठ वर्षांच्या मुलांना ते लगेच सुचतं.