फोडणीतला क्लॅप: वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज चित्राशी कसा जुळवावा

एका शॉर्ट फिल्मच्या शूटिंगला स्वयंपाकघराचा सीन होता. कढईत तेल तापलेलं, नायिका मोहरी टाकते आणि नवऱ्याकडे पाठ करून बोलते. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेत होतो. एडिटला बसलो आणि क्लॅपचा, म्हणजे टेकच्या सुरुवातीला बोर्डची फळी आपटतात त्याचा, ठोका शोधायला लागलो, तर वेव्हफॉर्ममध्ये सुळकेच सुळके. मोहरी तडतडते तेव्हा प्रत्येक दाणा छोटा क्लॅपच देत असतो. त्यात घाईघाईत कढई आधी तापवून मग क्लॅप दिला होता, आणि सीन नंबर कुणी बोललंच नव्हतं. सहा टेक जुळवण्यात अर्धा दिवस गेला. तेव्हापासून मी टाइमकोड आणि क्लॅप दोन्ही वापरतो. टाइमकोड जागा शोधून देतो आणि ती बरोबर आहे का हे क्लॅप सांगतो.

आधी क्लॅप. बोर्डवर रोल, सीन, शॉट आणि टेक मोठ्या अक्षरांत लिहा. फळी आधीच उघडी धरा, कारण कॅमेरा सुरू झाल्यावर ती उघडताना होणारा खडखडाट विनाकारण रेकॉर्डवर जातो. बोर्ड कॅमेऱ्याच्या फोकसमध्ये हवा आणि त्यावर उजेड हवा. काळोख्या सीनमध्ये मोबाइलचा टॉर्च मारला तरी चालतं. सेटवर क्रम असा असतो: 'साउंड', 'रोलिंग', 'कॅमेरा', 'रोलिंग', मग क्लॅप देणारा स्पष्ट बोलतो, 'सीन बारा, शॉट तीन, टेक दोन'. त्यानंतर क्षणभर शांतता, एकच ठोका, आणि बोर्ड घेऊन गुपचूप फ्रेमबाहेर. नंबर बोलण्याचा फायदा एडिटमध्ये कळतो. आवाजाची फाइल डोळे मिटून ऐकली तरी टेक सापडतो, आणि ठोका त्या बोलण्यानंतरच येणार हे माहीत असतं.

ठोका मायकाजवळ द्या. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे सात मीटर लांबच्या मायकापर्यंत पोचायला त्याला २० मिलिसेकंद लागतात. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे अर्धी फ्रेम तिथेच गेली. कलाकाराच्या नाकासमोर मात्र फळी आपटू नका. हळू टेकवली तरी ठोका पुरेसा येतो. पहिला ठोका फ्रेमबाहेर गेला तर 'सेकंड क्लॅप' असं बोलून दुसरा द्या. सुरुवातीला क्लॅप देणं शक्यच नसेल तर शॉट संपल्यावर, 'कट' म्हणण्याआधी, बोर्ड उलटा धरून द्या. उलटा बोर्ड दिसला की एडिटरला कळतं, हा शॉटच्या शेवटी दिलेला क्लॅप आहे.

आता टाइमकोड. घड्याळाच्या वेळेसारखाच तो तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम असा लिहितात: १४:३२:०५:००. कॅमेरा आणि रेकॉर्डर दोघांनी प्रत्येक फाइलवर हीच वेळ मारली, तर एडिटिंगचं सॉफ्टवेअर फायली आपोआप शेजारी आणून ठेवतं. त्यासाठी सकाळी चहाआधी तीन गोष्टी करा. सगळीकडे फ्रेम रेट २५ ठेवा. मोड 'फ्री रन' ठेवा, म्हणजे रेकॉर्डिंग बंद असतानाही वेळ चालू राहते. मग कॅमेऱ्याला लावायचे छोटे टाइमकोड बॉक्स रेकॉर्डरच्या टाइमकोडवर जुळवून घ्या, याला जॅम करणं म्हणतात. चांगल्या बॉक्सची वेळ दिवसभरात एखाद्या फ्रेमपेक्षा फारशी सरकत नाही, तरी जेवणानंतर मी पुन्हा जॅम करतो.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मिररलेस कॅमेऱ्याला टाइमकोडचं सॉकेटच नसतं. तेव्हा बॉक्सची केबल कॅमेऱ्याच्या माइक सॉकेटमध्ये जाते आणि टाइमकोड एका चॅनेलवर किर्र आवाजाच्या रूपात रेकॉर्ड होतो. दुसऱ्या चॅनेलवर बॉक्सच्याच माइकचा आवाज घेता आला तर उत्तम, संदर्भाला उपयोगी पडतो. कॅमेऱ्याचा ऑटो गेन बंद करा आणि लेव्हल मध्यम ठेवा, फार जोरात गेलं तर सिग्नल फाटतो. डाविंची रिझॉल्व्हमध्ये त्या क्लिप्स निवडून राइट क्लिक करायचं, `Update Timecode from Audio Track` घ्यायचं, आणि मग `Auto Sync Audio` मध्ये टाइमकोडचा पर्याय निवडायचा. शेवटचा व्हिडिओ काढताना तो किर्र ट्रॅक म्यूट करायला विसरू नका. मी विसरलो होतो, आणि निर्मात्याने पहिला कट हेडफोन लावून पाहिला.

त्याच फोडणीच्या सीनवर हे करून पाहू. कॅमेऱ्याची क्लिप १४:३२:०५:०० ला सुरू झाली, रेकॉर्डर त्याआधी १४:३१:५८:०० ला. म्हणजे आवाजाच्या फाइलमधली पहिली सात सेकंद, १७५ फ्रेम, चित्राच्या आधीची. सॉफ्टवेअरने फायली तशाच लावल्या. आता क्लॅपपाशी जा आणि एकेक फ्रेम पुढे सरका. फळी हलताना पुसट दिसते. ती पूर्ण टेकलेली दिसते ती पहिली फ्रेम धरायची. ती निघाली १४:३२:११:०८. आवाजाचा सुळका मात्र १४:३२:११:०६ वर, म्हणजे आवाज दोन फ्रेम लवकर. तो दोन फ्रेम उशिरा, म्हणजे टाइमलाइनवर उजवीकडे सरकवायचा.

इथे थांबू नका, आणखी दोन-तीन टेक तपासा. सगळीकडे नेमक्या दोनच फ्रेमचा फरक असेल तर तो कॅमेऱ्याच्या आतला ठरावीक उशीर आहे. त्या कॅमेऱ्याच्या दिवसभराच्या सगळ्या क्लिप्सना एकदम तोच फरक लावून टाका. फरक टेकगणिक वाढत गेला तर कुठला तरी बॉक्स सरकतोय किंवा मधे बंद पडून पुन्हा सुरू झालाय. सेकंदांचाच फरक दिसला तर आधी फ्रेम रेट आणि जॅम तपासा. एका फ्रेमच्या आतला फरक मात्र सोडून द्या. कॅमेऱ्याचं शटर प्रत्येक फ्रेमच्या काही भागातच उघडं असतं, त्यामुळे फळी नेमकी मधल्या बंद वेळेत टेकली असू शकते.

टाइमकोड बॉक्सची एक मर्यादा लोक विसरतात. माइक सॉकेटमधून दिलेला टाइमकोड क्लिप कधी सुरू झाली एवढंच ठरवतो. त्यापुढच्या फ्रेम कॅमेरा स्वतःच्या घड्याळावर मोजतो. छोट्या टेकमध्ये त्याने काही बिघडत नाही. पण ४० मिनिटांची सलग मुलाखत असेल आणि कॅमेरा व रेकॉर्डरची घड्याळं दहा लाखांत २० भागांनी वेगळी चालत असतील, तर शेवटी ४८ मिलिसेकंदांचा, म्हणजे एका फ्रेमहून थोडा जास्त फरक पडतो. ओठांकडे बारकाईने पाहणाऱ्याला तो जाणवू शकतो. म्हणून लांब मुलाखतीत सुरुवातीचा क्लॅप तर द्याच, आणि संपताना बोर्ड उलटा धरून आणखी एक द्या. दोन्ही ठिकाणचा फरक मोजला की किती सरकलं ते कळतं. ते आवाज ताणून दुरुस्त करण्यापेक्षा मधे जिथे बोलणारा श्वास घ्यायला थांबतो, तिथे आवाज कापून एक फ्रेम सरकवणं सोपं जातं, आणि तो सांधा कुणाच्या कानाला कळत नाही.