ई-वे बिलाच्या फोटोतून आकडे काढताना

ड्रायव्हरने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या ई-वे बिलाच्या फोटोतून अ‍ॅपने आकडे उचलले की ते थेट इनव्हॉइसशी जुळवू नका, आधी प्रत्येक आकडा जागेवर बसतोय का ते बघा. गाडी नंबर घ्या, आपल्याकडे साधारण दोन अक्षरं, दोन अंक, मग अक्षरं आणि शेवटी चार अंक असतात, त्यामुळे अ‍ॅपने `MH1ZA81234` वाचलं तर अंकाच्या जागी आलेला Z म्हणजे 2 आणि अक्षराच्या जागी आलेला 8 म्हणजे B, म्हणजे खरा नंबर `MH12AB1234`. आणि वाटेत गाडी बदलली असेल तर पार्ट बी मध्ये दोन ओळी दिसतात, तिथे तारीख-वेळ बघून सगळ्यात शेवटची नोंद धरायची, इनव्हॉइसवर जुनाच नंबर असू शकतो.

किमतीत लोक जास्त फसतात. ई-वे बिलावरची मालाची किंमत जीएसटी धरून असते, म्हणून ती इनव्हॉइसच्या टॅक्सेबल रकमेशी नाही तर टॅक्ससकट रकमेशी लावा. समजा टॅक्सेबल 1,84,500 आहे, 18 टक्के म्हणजे 33,210, एकूण 2,17,710, आणि अ‍ॅप म्हणतंय 2,17,110, तर फरक एकाच अंकाचा आहे, 7 चा 1 झालाय, फोटो झूम करून डोळ्यांनी बघा. मात्र एकाच इनव्हॉइसमध्ये करमाफ मालही असेल तर त्याची किंमत ई-वे बिलात धरत नाहीत, तेवढा फरक बरोबरच असतो.

एचएसएन एकीकडे 4 अंकी आणि दुसरीकडे 6 अंकी असेल तर पहिले चार जुळले पाहिजेत, `7318` आणि `731815` चालेल, `7308` आलं तर मालच वेगळा आहे किंवा वाचण्यात चूक आहे.