परदेशी ईटीएफ घेण्याआधी iNAV बघा

भारतातल्या सगळ्या म्युच्युअल फंडांना मिळून परदेशी शेअर आणि फंडांत ७ अब्ज डॉलर, तर परदेशी ईटीएफमध्ये वेगळे १ अब्ज डॉलर एवढीच गुंतवणूक करता येते. ही मर्यादा भरत आली की फंड घराणी नवी एकरकमी रक्कम, कधी एसआयपीही थांबवतात. २०२२च्या सुरुवातीला हेच झालं.

फीडर फंड, म्हणजे तुमचे पैसे परदेशी फंडात गुंतवणारा इथला फंड, बंद दिसला की लोक शेअर बाजारातून नॅसडॅक १०० या अमेरिकी निर्देशांकाचा ईटीएफ घ्यायला जातात. खरी गोम इथेच आहे. मर्यादेमुळे नवी युनिट तयार होत नाहीत, मागणी मात्र वाढते, त्यामुळे भाव मूळ किमतीच्या वर चढतो. iNAV म्हणजे एका युनिटची ही मूळ किंमत, बाजार चालू असताना दाखवलेली. समजा, iNAV १०० रुपये आणि बाजारभाव ११२ आहे. वर्षभरात निर्देशांक रुपयांत १० टक्के वाढला आणि तेवढ्यात हा वरचा भाव, म्हणजे प्रीमियम, विरला, तर तुमच्या हाती ११० रुपये. निर्देशांक वर, तुम्ही तोट्यात! म्हणून फंड घराण्याच्या संकेतस्थळावरचा iNAV आणि पडद्यावरचा भाव शेजारी ठेवून बघा. फरक एक-दोन टक्क्यांहून जास्त असेल तर मी तरी घेणार नाही.

फीडर उघडा असेल तर त्याच्या फॅक्टशीटमधली तळटीप वाचा. मूळ परदेशी फंडाचा खर्च बहुधा वेगळा असतो. इथला ०.६ आणि तिकडचा ०.८ टक्के धरला, तर लाखामागे वर्षाला १,४०० रुपये जातात. ते एनएव्हीतूनच वजा होतात, त्यामुळे स्टेटमेंटमध्ये कुठे दिसत नाहीत.