मीन व्हॅल्यू थिअरम लावून इनइक्वॅलिटी कशी सिद्ध करायची

सांगलीत बीएस्सी फर्स्ट इयरच्या पोरांच्या वह्या बघते तेव्हा थिअरम सगळ्यांना पाठ असतं, पण गणितात ते लावायचं कुठं तिथंच गाडी अडते. म्हणून आज एकच गणित नीट करूया: x > 0 असेल तर x/(1+x) < ln(1+x) < x.

थिअरम सांगतं काय, तर सातारा ते कराड साधारण 50 किमी तुम्ही बरोब्बर तासाभरात गेलात तर वाटेत कधीतरी काटा 50 वर असणारच. फंक्शन [a, b] वर कंटिन्युअस आणि (a, b) मध्ये डिफरन्शिएबल असलं की मधे कुठंतरी असा c मिळतो की f(b) − f(a) = f'(c)(b − a). हा c नक्की कुठं आहे ते शोधत बसायचं नाही, तो a आणि b च्या मधे आहे एवढ्यावरच सगळं काम होतं.

आता आधी फंक्शन निवडा. मधे ln(1+x) दिसतंय म्हणून f(t) = ln(1+t) घ्या, आणि इंटरव्हल [0, x], कारण f(0) = 0 आहे त्यामुळं डावीकडं फक्त ln(1+x) उरतं. व्हेरिएबल मुद्दाम t घ्या, x हे इंटरव्हलचं टोक आहे, दोन्हीला एकच अक्षर वापरलं की पुढं घोळ ठरलेला. f'(t) = 1/(1+t), म्हणजे

ln(1+x) = x/(1+c), 0 < c < x

खरी मेहनत इथून पुढं. c हा 0 आणि x च्या मधे, म्हणून 1+c हे 1 आणि 1+x च्या मधे, उलटं केलं की चिन्हं फिरतात: 1/(1+x) < 1/(1+c) < 1. सगळीकडं x ने गुणा, x पॉझिटिव्ह आहे म्हणून चिन्हं तशीच राहतात, झालं सिद्ध. पडताळून बघायचं तर x = 0.1 टाका, 0.0909 < 0.0953 < 0.1 येतं.

x निगेटिव्ह असला, म्हणजे −1 < x < 0, तर इंटरव्हल [x, 0] घ्यायचा. तिथं 1/(1+c) हे 1 पेक्षा मोठं आणि 1/(1+x) पेक्षा लहान येतं, मग निगेटिव्ह x ने गुणताना चिन्हं परत फिरतात आणि शेवटी तीच इनइक्वॅलिटी मिळते, हे एकदा स्वतः लिहून बघाच.

फंक्शन इन्क्रीझिंग आहे हे दाखवायलाही हेच. इंटरव्हलमधले कुठलेही x₁ < x₂ घ्या, f(x₂) − f(x₁) = f'(c)(x₂ − x₁), आणि f' सगळीकडं पॉझिटिव्ह असेल तर उजवी बाजू पॉझिटिव्ह. फक्त अख्खा इंटरव्हल सलग पाहिजे हां. 1/x चं डेरिव्हेटिव्ह −1/x², कायम निगेटिव्ह, म्हणून पोरं सरळ "डिक्रीझिंग" लिहून मोकळी होतात, पण f(−1) = −1 आणि f(1) = 1, म्हणजे व्हॅल्यू वाढली की! 0 पाशी फंक्शनच नाही, त्यामुळं [−1, 1] वर थिअरम लागतच नाही. उत्तर लिहिताना (−∞, 0) वर डिक्रीझिंग आणि (0, ∞) वर डिक्रीझिंग असं वेगवेगळंच लिहायचं.