फ्रंट ऑफिससाठी रेझ्युमे पाठवण्याआधी लॉगबुक उघडा, या चुका टाळा

वाशीतल्या एका बिझनेस हॉटेलचं फ्रंट ऑफिस मी सांभाळते. हॉटेल मॅनेजमेंटचे निकाल लागले की रेझ्युमे येऊ लागतात आणि बहुतेकांत इंटर्नशिपची एकच ओळ असते: ‘22 आठवडे, चारही डिपार्टमेंटमध्ये ट्रेनिंग.’ किचन, सर्व्हिस, हाउसकीपिंग आणि फ्रंट ऑफिस, ही चार डिपार्टमेंट सगळ्यांनीच केलेली असतात. मला बघायचं असतं ते एवढंच, की त्यातले किती दिवस तुम्ही डेस्कमागे उभे होता आणि तिथे तुमच्या हातून काय झालं.

मागच्या वर्षी ऐरोलीची एक मुलगी मुलाखतीला आली. रेझ्युमेत तीन दावे होते: फ्रंट ऑफिसचा सहा महिन्यांचा अनुभव, ऑपेरा सॉफ्टवेअरमध्ये प्रावीण्य, उत्तम गेस्ट हँडलिंग. मी विचारलं, “गेस्ट पहाटे सहाला आलाय आणि त्याला लावलेली रूम स्क्रीनवर अजून डर्टी दिसतेय. काय करशील?” उत्तर तसं सोपं आहे. त्याच कॅटेगरीतली तयार रूम शोधून बुकिंगला ती लावायची; नसेल तर गेस्टला लॉबीत बसवून, सामान ठेवून घेऊन, हाउसकीपिंगला ती रूम आधी करायला सांगायचं. ती गप्प. मग म्हणाली, “मॅडम, लॉगिन सरांचं होतं. मी शेजारी उभी राहून बघायचे.”

पोरगी खोटारडी नव्हती. ट्रेनीला स्वतःचं लॉगिन बऱ्याच ठिकाणी मिळतच नाही. पण ‘प्रावीण्य’ हा शब्द लिहिला की पहिला प्रश्न त्याच्यावरच येणार.

लॉगबुक तिच्या पिशवीत होतं, ते आम्ही उघडलं. किचन सहा आठवडे, सर्व्हिस सहा, हाउसकीपिंग पाच, फ्रंट ऑफिस पाच. त्या पाचातले दोन बेल डेस्क आणि लॉबीत गेलेले. उरले रिसेप्शनचे तीन आठवडे, सुट्ट्या वगळून 18 दिवस. सहा महिन्यांचे 18 दिवस झाले म्हणून तिचा चेहरा उतरला, पण मी मात्र पानं उलटतच राहिले. रोज सकाळी अरायव्हल लिस्ट काढणं, रजिस्ट्रेशन कार्डं तयार ठेवणं, ओळखपत्रं स्कॅन करणं, आणि परदेशी गेस्टच्या सी फॉर्मची माहिती भरणं! परदेशी पाहुणा उतरल्यापासून 24 तासांच्या आत ही माहिती एफआरआरओकडे ऑनलाइन जावी लागते. पासपोर्टचा एक आकडा चुकला तरी निस्तरावं हॉटेललाच लागतं. हे काम केलेली मुलगी मला हवीच असते, आणि रेझ्युमेत त्याचा उल्लेखही नव्हता.

मग आम्ही ओळी बदलल्या. रेझ्युमे इंग्रजीतच जातो, इथे मराठीत सांगते:

‘रिसेप्शन, 18 दिवस: अरायव्हल लिस्ट आणि रजिस्ट्रेशन कार्डं तयार केली, सी फॉर्मची माहिती सुपरवायझरच्या देखरेखीखाली भरली.’

‘ऑपेरा: बुकिंग शोधणं आणि लिस्ट प्रिंट करणं स्वतः केलं, चेक-इन आणि बिलिंग जवळून पाहिलं.’

‘पाहिलं’ लिहायला मुलं लाजतात. कशाला? कुठून शिकवायला सुरुवात करायची ते मला त्यावरून कळतं. शिवाय ठाणे-नवी मुंबईतल्या सगळ्या हॉटेलांत ऑपेरा नाही, कुठे आयडीएस आहे, कुठे आणखी काही. नुसतं सॉफ्टवेअरचं नाव लिहून भागत नाही, त्यावर केलेलं काम लिहा.

गेस्ट हँडलिंगच्या बाबतीत ‘उत्तम संवादकौशल्य’ वाचून डोळे पुढे सरकतात. त्याऐवजी एक प्रसंग लिहा. हिच्या लॉगबुकात होता: चेकआउटला आलेल्या गेस्टला बिलावर कंपनीचा जीएसटी नंबर हवा होता आणि टॅक्सी दारात उभी. हिने बिल सेटल होण्याआधीच सुपरवायझरला थांबवलं आणि नंबर घालून बिल पुन्हा काढून घेतलं. सेटल झाल्यावर तेच निस्तरायला अकाउंट्सच्या मागे लागावं लागतं. दुसऱ्या दिवसापासून कंपनी बुकिंगच्या ज्या गेस्टचा नंबर नाही, त्यांच्यापुढे ती अरायव्हल लिस्टवर खूण करू लागली. हे सगळं दोन ओळींत बसतं. फक्त गेस्टचं नाव, रूम नंबर किंवा कंपनी त्यात नको. तसं दिसलं तर आमच्या गेस्टची माहितीही ही बाहेर सांगेल, असं वाटतं.

हाउसकीपिंगचे आठवडे गाळू नका. आमच्याकडे ऑक्युपाइड दिसणारी रूम त्यांना रिकामी सापडते, तेव्हा दोन्ही बाजू माहीत असलेला माणूस लागतो. किचन आणि सर्व्हिस एका ओळीत उरका. राहण्याचा परिसर आणि नाइट शिफ्ट चालेल का, हे वरच लिहा. सकाळची शिफ्ट सातला लागते आणि बदलापूरहून येणाऱ्याचं गणित वेगळं असतं.

रूम डर्टी असेल तर काय, हे तिला त्या दिवशी येत नव्हतंच. पण नवा रेझ्युमे आधी हातात आला असता, तर मी तो प्रश्न विचारलाच नसता. जीएसटीच्या त्या खुणेचं विचारलं असतं.